शिक्षकपदाची जाहिरात आणि उमेदवाराचा रेझ्युमे: पात्रता आणि विषय कसे पडताळायचे

शाळेत शिक्षकाची जागा निघते, अर्ज येतात आणि छाननीला बसलेली मंडळी थेट रेझ्युमे वाचायला घेतात. क्रम इथेच चुकतो. रेझ्युमे आधी वाचला की पदव्यांची रांग आणि आधीच्या शाळेचे नाव डोळ्यांत भरते, आणि मग जाहिरातीतली अट त्या माणसाला बसेल तशी वाचली जाते. गणिताच्या जागेसाठी एकाची भौतिकशास्त्राची पदवी 'चालून जाते', तीच पदवी पुढच्या अर्जात 'विषय वेगळा' म्हणून बाजूला पडते. दोन्ही निर्णय एकाच दुपारी, एकाच टेबलावर झालेले असतात.

खालचे टप्पे छाननी करणाऱ्यांसाठी आहेत. अर्ज करणाऱ्या शिक्षकानेही हेच टप्पे स्वतःच्या रेझ्युमेवर चालवून पाहावेत, बऱ्याच शंका अर्ज पाठवण्याआधीच मिटतील. एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. जाहिरात अशी:

*इयत्ता 9 वी व 10 वीसाठी गणित शिक्षक. गणित विषयासह पदवी आणि संबंधित विषयातील बी.एड. आवश्यक. माध्यमिक स्तरावरील अनुभव असल्यास प्राधान्य. अर्जाची अंतिम तारीख 31 मार्च.*

आणि रेझ्युमेतल्या कामाच्या ओळी अशा:

*बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), 2015–2018. बी.एड. (विज्ञान व गणित), 2018–2020. गणित व विज्ञान शिक्षक, 2019–2023, चार वर्षांचा अनुभव. गणित अध्यापन कार्यशाळा, प्रमाणपत्र प्राप्त.*

पहिल्या नजरेत हा अर्ज ठीकठाक वाटतो. तो तसा आहे की नाही ते पाहू.

## टप्पा 1: एकही रेझ्युमे उघडण्याआधी जाहिरात फोडा

जाहिरातीतले एक वाक्य म्हणजे एक अट, असे नसते. वरच्या पहिल्या दोन वाक्यांतच पाच अटी आहेत. उमेदवाराकडे पदवी हवी. त्या पदवीत गणित हवे. अध्यापनाची पात्रता, म्हणजे बी.एड., हवी. ती पात्रता 9 वी–10 वीला शिकवायला लागू हवी. आणि बी.एड.ची मेथड गणिताची हवी. शेवटच्या दोन अटी कोणी सुट्या लिहिलेल्या नाहीत. एक पदाच्या नावात दडलेली आहे, दुसरी 'संबंधित विषयातील' या दोन शब्दांत. छाननीत नेमक्या याच दोन निसटतात.

अटी सुट्या केल्या की संदिग्ध शब्दांचा अर्थ ठरवून टाका. 'गणित विषयासह पदवी' हे तीन प्रकारे वाचता येते: गणित हा पदवीचा मुख्य विषय असावा, किंवा काही वर्षे तरी गणित घेतलेले असावे, किंवा गणिताचा एखादा पेपर असला तरी पुरे. तिन्ही वाचने प्रामाणिक आहेत, पण निकाल तीन वेगळे लागतात. ज्यांनी जाहिरात काढली त्यांना विचारा, आणि पदासाठी सरकारी किंवा मंडळाचा नियम असेल तर त्यातली व्याख्याच घ्या; तिथे आपला अर्थ चालत नाही. आपल्या उदाहरणात ठरले असे: पदवीच्या किमान दोन वर्षांत गणित हा पूर्ण विषय म्हणून असावा.

तिसरी गोष्ट तारखेची. पात्रता कोणत्या दिवशी हातात असायला हवी? अर्जाच्या अंतिम तारखेला, मुलाखतीच्या दिवशी की रुजू होताना? जाहिरातीत स्पष्ट नसेल तर आत्ताच ठरवा आणि सगळ्यांना तीच तारीख लावा. आपण 31 मार्च धरू.

सावधान: 'आवश्यक' आणि 'प्राधान्य' या दोन याद्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवा. प्राधान्याच्या अटीने कोणी बाद होत नाही, आणि तिच्या जोरावर आवश्यक अट माफही होत नाही. दहा वर्षांचा दांडगा अनुभव दिसला की बी.एड.च्या रकान्याकडे काणाडोळा करायचा मोह होतो. तो इथेच आवरा.

तपासा: ठरवलेले अर्थ कागदावर आले का? त्याखाली तारीख आणि ठरवणाऱ्यांच्या सह्या आहेत का? अर्ज उघडल्यावर अर्थ बदलायचा झाला, तर आधी पाहिलेले सगळे अर्ज पुन्हा पाहावे लागतील.

## टप्पा 2: रेझ्युमेतला मजकूर जसाच्या तसा उचला

हा टप्पा लहान आहे. प्रत्येक उमेदवारासाठी एक तक्ता करा आणि प्रत्येक अटीसमोर रेझ्युमेतले शब्द उतरवा, स्वतःचे नाही. 'बी.एड. (विज्ञान व गणित)' असे लिहिले असेल तर तेवढेच उतरवा, 'बी.एड., गणित मेथड' असे लिहिलेत तर तुम्ही उमेदवाराच्या वतीने एक दावा केलात. जिथे काहीच सापडत नाही तिथे 'उल्लेख नाही' लिहा. रकाना रिकामा सोडू नका, कारण रिकामा रकाना नंतर 'बघायचा राहिला' की 'नव्हतेच' हे कळत नाही.

मतप्रदर्शन अजून नको. रेझ्युमे सुरेख असेल, तिरका असेल, शुद्धलेखन बिघडलेले असेल. त्याचा या तक्त्याशी संबंध नाही.

## टप्पा 3: पदवीतला विषय पदवीच्या नावात शोधू नका

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात. पदवीचे नाव फार तर शेवटच्या वर्षाचा मुख्य विषय सांगते. त्याखाली काय काय शिकले हे गुणपत्रिकांवरच दिसते, आणि तेही सगळ्या वर्षांच्या. फक्त शेवटच्या वर्षाच्या नाही. भौतिकशास्त्राच्या पदवीधराने पहिली दोन वर्षे गणित हा पूर्ण विषय घेतलेला असू शकतो. उलट, अर्थशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या पदवीत 'गणित' शब्द असलेले पेपर असतात, पण ते त्या शाखेपुरते बेतलेले असतात. म्हणून पेपरचे नाव आणि तो किती सत्रांत, किती गुणांचा किंवा श्रेयांकांचा होता, हे दोन्ही पाहा.

तपासायचा क्रम असा ठेवा. आधी सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका ओळीने लावा आणि संबंधित विषयाच्या प्रत्येक पेपरवर खूण करा. मग ते पेपर कोणत्या वर्षांत पसरलेले आहेत ते पाहा. शेवटी टप्पा 1 मध्ये ठरवलेल्या अर्थाशी ताडून बघा. गुण किती पडले हा प्रश्न जाहिरातीत किमान टक्केवारी असेल तरच येतो. ती असेल तर टक्केवारी सगळ्या वर्षांची मिळून की शेवटच्या वर्षाची, आणि श्रेणी असेल तर विद्यापीठाच्या कोणत्या सूत्राने बदलायची, हेही टप्पा 1 च्याच कागदावर हवे.

आता उदाहरण. रेझ्युमेत फक्त 'बी.एस्सी. (भौतिकशास्त्र)' आहे. गुणपत्रिका जोडलेल्या नाहीत. म्हणजे गणिताची अट पूर्ण आहे असे म्हणता येत नाही, आणि नाही असेही म्हणता येत नाही. इथे दोन घाईचे निष्कर्ष नेहमी निघतात. एक, 'भौतिकशास्त्रवाल्यांचे गणित असतेच की'. दुसरा, 'विषय भौतिकशास्त्र, बाद'. दोन्ही अंदाजच. या रकान्यात शेरा जाईल तो 'दाखवलेले नाही, विचारणे'.

सावधान: वरची पदवी खालच्या पदवीतली कमतरता आपोआप भरून काढत नाही. शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी म्हणजे गणितातले प्रावीण्य नव्हे. गणितातली पदव्युत्तर पदवी असेल तर विषयाचे ज्ञान नक्कीच दिसते, पण अट 'पदवीला विषय' अशी असेल आणि नियम तसाच वाचला जात असेल, तर तो मुद्दा वर विचारून सोडवा. छाननीच्या टेबलावर परस्पर सूट देऊ नका.

'समकक्ष' हा शब्दही असाच फसवा. एक पदवी दुसरीच्या तोडीची आहे हे उमेदवार ठरवत नाही आणि शाळाही नाही. ज्या त्या ठिकाणच्या अधिकृत संस्थेचे पत्र लागते. रेझ्युमेत 'समकक्ष' लिहिलेले असेल तर पत्राचा क्रमांक आणि तारीख मागा.

## टप्पा 4: अध्यापनाच्या पात्रतेला तीन प्रश्न विचारा

'बी.एड. आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. ही पात्रता कोणत्या इयत्तांना लागू आहे, तिच्यात कोणत्या विषयाची मेथड आहे, आणि ठरलेल्या तारखेला ती पूर्ण व वैध आहे का, हे तिन्ही प्रश्न सुटे विचारा.

इयत्तांचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अर्ज तिथेच अडतात. भारतात बी.एड. असलेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरायचे की नाही यावर बराच वाद झाला आणि ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या स्तराला बी.एड. पुरेशी नाही, तिथे प्राथमिक शिक्षणाची पदविकाच लागते. म्हणजे ऐकायला वरची वाटणारी पात्रता खालच्या वर्गांना चालेलच असे नाही. पात्रता परीक्षांचेही तसेच; पेपर कोणत्या इयत्तांसाठीचा आहे ते पाहिल्याशिवाय 'उत्तीर्ण' या शब्दाला अर्थ नाही.

इतर देशांतून आलेल्या अर्जांत आणखी एक पदर असतो. इंग्लंडमध्ये पीजीसीई हा अभ्यासक्रम आणि क्यूटीएस हा अधिकृत शिक्षक-दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दर्जा न देणारे पीजीसीईही असते. अमेरिकेत परवाना राज्य देते आणि त्यावर विषय व इयत्तांचा गट नोंदलेला असतो. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा चालेलच असे नाही. त्यामुळे अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि शिकवण्याचा अधिकार मिळणे यांना तक्त्यात दोन रकाने द्या.

मेथडचा प्रश्न बी.एड.च्या गुणपत्रिकेवरून सुटतो. अध्यापन पद्धतीचे पेपर आणि सराव पाठ कोणत्या विषयाचे होते हे तिथे नोंदलेले असते. आपल्या उमेदवाराने 'विज्ञान व गणित' लिहिले आहे. हे दोन मेथडचे वर्णन असू शकते, किंवा एक मेथड आणि एक आवडीचा विषय यांचेही. गुणपत्रिका मागवल्याशिवाय इथेही शेरा 'दाखवलेले नाही' असाच राहील.

तारखेच्या प्रश्नात 'शेवटचे सत्र सुरू', 'परीक्षा दिली', 'निकाल प्रतीक्षेत' हे तिन्ही शब्दप्रयोग 'पूर्ण' नाहीत. निकाल लागला आणि पदवीदान व्हायचे आहे, असे असेल तर विद्यापीठाचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळते. ते चालेल का हे टप्पा 1 मध्ये ठरवलेले असावे. नोंदणी किंवा परवाना असेल तर मुदत कधी संपते हेही पाहा.

सावधान: कालावधी पाहून शंका घेण्याआधी त्या वर्षीचा नियम आठवा. भारतात 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्याआधी ते सर्वसाधारणपणे एक वर्षाचे होते. 2010 चे एक वर्षाचे बी.एड. पाहून कोणी भुवया उंचावल्या तर चूक त्यांचीच.

कार्यशाळेचे प्रमाणपत्र या टप्प्यात मोजू नका. काही दिवसांची कार्यशाळा उपयोगी असेल, पण ती मेथडची जागा घेत नाही. तिला प्राधान्याच्या यादीत जागा असेल तर तिथे, नसेल तर 'इतर' मध्ये.

## टप्पा 5: तारखा एका रेषेवर मांडा

शिक्षण आणि नोकरीच्या सगळ्या तारखा एकाखाली एक लिहून काढा. रेझ्युमेत त्या वेगवेगळ्या मथळ्यांखाली असतात, म्हणून विसंगती लपून राहतात. आपल्या उदाहरणात बी.एड. 2018–2020 आणि नोकरी 2019–2023. दोन्ही नियमित, पूर्णवेळ असतील तर एकाच वर्षी जमतील कसे? हा आरोप नव्हे, प्रश्न आहे. नोकरी अर्धवेळ असेल, बी.एड. दूरस्थ पद्धतीचे असेल, किंवा नोकरी अभ्यासक्रम संपल्यावर लागलेली असेल आणि वर्ष चुकून पडले असेल. यातला कोणताही खुलासा खरा निघू शकतो, मात्र प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे.

दुसरी गोष्ट, महिने नाहीत. नुसते '2019–2023' म्हणजे जानेवारी 2019 ते डिसेंबर 2023 धरले तर पाच वर्षे, आणि डिसेंबर 2019 ते जानेवारी 2023 धरले तर तीन वर्षांहून जेमतेम जास्त. 'चार वर्षे' हा आकडा उमेदवाराने कुठून आणला ते महिने कळल्याशिवाय सांगता येत नाही. महिना नसलेला अनुभव मोजूच नका, विचारा.

अनुभव मोजताना त्याचेही तुकडे करा: कुठे, कोणत्या इयत्तेला, कोणता विषय, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर. 'गणित व विज्ञान शिक्षक' या ओळीत इयत्ताच नाही. आपल्याला प्राधान्य द्यायचे आहे ते माध्यमिक स्तरावरच्या अनुभवाला. सहावी ते आठवीचा अनुभव चांगला असला तरी तो या रकान्यात बसत नाही. खाजगी क्लासमधला अनुभव धरायचा का, हा निर्णयही आधीच झालेला असावा. आपल्या शाळेने ठरवले, फक्त शाळेतला धरायचा.

तपासा: दोन तारखांमध्ये रिकामी वर्षे दिसली तर ती पात्रतेचा मुद्दा आहेत का? बहुतेक वेळा नाहीत. अटीशी संबंध नसेल तर त्यावर शेरा मारू नका.

## टप्पा 6: शेरा द्या, आणि एकदाच विचारा

प्रत्येक आवश्यक अटीला तीनपैकी एकच शेरा: *पूर्ण, कागद पाहिला*, *दावा आहे, दाखवलेले नाही*, *पूर्ण नाही*. रेझ्युमेत उल्लेखच नसेल तर शेऱ्याच्या जागी काय विचारायचे किंवा पाहायचे ते लिहा. गुण देऊन बेरीज करू नका. बेरजेत चार अटींचे गुण पाचवीची उणीव झाकून टाकतात, आणि आवश्यक अट ही झाकायची गोष्ट नाही. या वळणावर आपल्या उमेदवाराचा तक्ता असा दिसेल:

| अट | रेझ्युमेतले शब्द | शेरा |
|---|---|---|
| पदवी | बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), 2015–2018 | दावा आहे, दाखवलेले नाही |
| पदवीत गणित, किमान दोन वर्षे | उल्लेख नाही | दाखवलेले नाही, विचारणे |
| बी.एड., 31 मार्चपर्यंत पूर्ण | बी.एड. (विज्ञान व गणित), 2018–2020 | दावा आहे, दाखवलेले नाही |
| 9 वी–10 वीला लागू | उल्लेख नाही | नियमावरून व प्रमाणपत्रावरून पाहणे |
| गणिताची मेथड | 'विज्ञान व गणित' | दावा आहे, दाखवलेले नाही |
| प्राधान्य: माध्यमिक अनुभव | 2019–2023, इयत्ता नाही | विचारणे |

'दावा आहे' या शेऱ्यावर कोणाला बाद करू नका आणि कोणाची निवडही करू नका. उमेदवाराला एकच निरोप पाठवा, त्यात सगळे प्रश्न असावेत आणि उत्तराची मुदत असावी. भाषा साधी ठेवा:

*'आपला अर्ज छाननीत आहे. कृपया पुढील गोष्टी कळवा: 1) बी.एस्सी.च्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका. 2) बी.एड.चे प्रमाणपत्र आणि मेथड दाखवणारी गुणपत्रिका. 3) 2019 ते 2023 मधील प्रत्येक नोकरीची सुरुवात व शेवट (महिना व वर्ष), इयत्ता, विषय आणि पूर्णवेळ की अर्धवेळ. बी.एड.चा आणि नोकरीचा काळ 2019–2020 मध्ये एकत्र दिसतो, त्याचा खुलासा करावा.'*

सावधान: सारखीच शंका ज्यांच्या ज्यांच्या अर्जात आहे त्या सगळ्यांना विचारा. ओळखीच्या उमेदवाराला फोन आणि अनोळखीला थेट नकार, असे झाले तर पुढे तक्रारीला उत्तर देता येत नाही.

कागद आले म्हणजे ते खरे आहेत असेही नाही. छाननीत आपण पाहतो ते एवढेच की कागद अटीला पुरतो का. मूळ प्रती पाहणे, विद्यापीठाकडून किंवा नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून खात्री करून घेणे, अनुभव दाखल्यासाठी आधीच्या शाळेला विचारणे, हे काम नेमणुकीआधी सुटे करा.

## टप्पा 7: उत्तर आल्यावर तक्ता पुन्हा भरा

आपल्या उमेदवाराचे उत्तर आले असे धरू. बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांत गणित पूर्ण विषय होता, चारही सत्रांत गणिताचे पेपर दिसतात. तिसरे वर्ष भौतिकशास्त्राचे. बी.एड.च्या गुणपत्रिकेवर विज्ञान आणि गणित या दोन्ही मेथड आहेत. जून 2019 पासून एका खाजगी क्लासमध्ये संध्याकाळी अर्धवेळ शिकवले, शाळेत पूर्णवेळ नोकरी ऑगस्ट 2020 ते एप्रिल 2023, इयत्ता 6 वी ते 8 वी.

आता जुने शेरे खोडून नवे लिहा, पण जुना तक्ता फेकू नका. नव्यावर उत्तराची तारीख टाका. दोन वर्षे गणित या ठरलेल्या अर्थाने पदवीची अट पूर्ण. मेथड पूर्ण. 9 वी–10 वीसाठी बी.एड. नियमानुसार चालते हे तपासून तीही पूर्ण. तारखांचा गोंधळ सुटला. शाळेतला अनुभव भरतो 2 वर्षे 9 महिने, रेझ्युमेत लिहिलेली चार वर्षे नव्हेत, आणि त्यात माध्यमिक स्तराचा एकही महिना नाही. म्हणजे उमेदवार पात्र, प्राधान्य शून्य.

टप्पा 1 मध्ये 'गणित हा पदवीचा मुख्य विषय' असा अर्थ ठरला असता तर हाच अर्ज, हेच कागद, बाद झाले असते.

अनुभवाचा आकडा फुगवलेला होता का? क्लासचे महिने धरले तर जवळपास चार वर्षे भरतात, त्यामुळे लबाडी म्हणायला जागा नाही. मुलाखतीत एक सरळ प्रश्न पुरे. नमुना पाठ मात्र आठवीपर्यंतचा घेऊ नका. दहावीच्या गणितातला धडा द्या, कारण त्या वर्गांना शिकवल्याचा पुरावा या कागदांत कुठेच नाही.